हप्त्यावरचा ओव्हन: महिन्याला किती केक गेले म्हणजे भागतं?

प्रश्न: मी सांगलीत घरूनच केकच्या ऑर्डरी घेते. महिन्याला साधारण ३५ केक जातात, बहुतेक अर्ध्या किलोचे बिनअंड्याचे चॉकलेट, ४५० रुपयांना. आता मोठा ओव्हन घ्यायचाय, ७२,००० चा. १२,००० रोख भरायचे, उरलेल्या ६०,००० वर दुकानदार १० टक्के व्याज सांगतोय, ३,००० चे २४ हप्ते. एका केकला माल १५० चा लागतो, म्हणजे ३०० सुटतात. मग महिन्याला १० केक जास्त गेले की हप्ता निघाला, बरोबर ना?

उत्तर: १० नाही ताई, १५ धरा. आणि हे १५ आजच्या ३५ च्या वर हवेत, म्हणजे एकूण ५०. त्याच्या खाली राहिलात तर हप्ता तुमच्या आजच्या कमाईतून जाईल. हा आकडा कसा येतो ते सविस्तर सांगतो. तुम्ही न लिहिलेले काही खर्च मी अशा घरगुती बेकऱ्यांत नेहमी दिसतात तसे धरले आहेत. तिथे तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील.

सगळा हिशेब एका आकड्यावर उभा आहे: एक केक विकल्यावर, त्या केकपायी झालेला खर्च वजा जाता, खरोखर किती सुटतात. तुम्ही ३०० म्हणता. त्यात फक्त कृतीप्रमाणे मोजलेला माल आहे. पण कृतीत लिहिलेला माल आणि घरातून संपलेला माल कधीच सारखा नसतो. स्पंजचा फुगलेला माथा कापून टाकता, गनाश पातेल्याला लागून राहतं, फेटलेल्या क्रीमचं उरलेलं वाटीभर दोन दिवसांनी टाकून द्यावं लागतं, एखादा स्पंज मधे बसतो आणि घरच्यांच्या पोटात जातो. हे सगळं पकडायचा सोपा उपाय आहे. १ तारखेला घरातला धंद्याचा माल किमतीनिशी लिहून काढा: मैदा, साखर, कोको, कंपाउंड, क्रीम, सगळं. महिनाभराच्या खरेदीची बिलं एका डब्यात टाका. महिनाअखेर पुन्हा शिल्लक मोजा. समजा सुरुवातीला २,४०० चा माल होता, ५,६०० ची खरेदी झाली आणि शेवटी २,४७० चा उरला. म्हणजे ५,५३० चा माल खर्ची पडला. ३५ केकांनी भागा, केकमागे १५८ येतात. कृतीतले १५० आणि हे १५८ यांच्यातले आठ रुपये म्हणजे तुमची नासधूस. तुमच्याकडे ती चार रुपये निघेल किंवा पंचवीस, पण मोजल्याशिवाय कळणार नाही.

मालाच्या पुढे खोका, खालचा बोर्ड, नावाची पट्टी, मेणबत्ती आणि प्लॅस्टिकची सुरी, हे सगळं मिळून ३२ धरू. केक पोचवायला स्कूटर काढता त्याचं पेट्रोल सरासरी २०. विजेचे ८. एकूण झाले २१८. आता विक्रीची बाजू बघा. ४५० हा तुमचा भाव आहे, पण नेहमीच्या गिऱ्हाइकाला ४२० ला देता, शेजारच्या घरी ४०० घेता. महिन्याची खरी जमा ३५ ने भागा. मी ४३८ धरतो. ४३८ वजा २१८, म्हणजे २२० सुटतात. ३०० वरून थेट २२० वर आलो, आणि यात कुठेही ओढूनताणून खर्च घातलेला नाही.

विजेचे ८ रुपये मोजायची पद्धतही सांगतो, कारण इथे लोक अंदाजाने काहीही धरतात. २ किलोवॅटचा ओव्हन तासभर चालला म्हणजे २ युनिट जळले असं नसतं. तापमान गाठलं की थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो, घसरलं की पुन्हा लावतो. म्हणून मीटर बघा. एका दुपारी गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर बंद ठेवा, ओव्हन लावायच्या आधी मीटरचं रीडिंग टिपा, स्पंज निघाले की पुन्हा टिपा. फरकातून फ्रीज-पंख्याचा थोडा वाटा वजा करा आणि त्या खेपेतल्या केकांनी भागा. दर मात्र बिलाची सरासरी काढून लावू नका. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं. घरचा वापर आधीच पहिल्या टप्प्याच्या वर असेल, तर ओव्हनचे युनिट वरच्या टप्प्याच्या महागड्या दराने पडतात. तोच दर धरा, वर वीज आकारासोबत लागणारा वहन आकार आणि वीज शुल्कही धरा.

आता दुसरी बाजू: केक एकही गेला नाही तरी द्यावे लागणारे पैसे. मदतीला येणाऱ्या बाईंचे ३,०००, क्रीम ठेवायच्या जादा फ्रीजची वीज ६००, फोन आणि जाहिरात ५००, भांडी-साचे आणि बारीक दुरुस्ती ५००. हे झाले ४,६००. ते तुम्ही आजही देता, म्हणून नव्या हिशेबात आपोआप लक्षात येत नाहीत. ओव्हन आला की त्यात ३,००० चा हप्ता येईल, आणि वीजजोडणीत बदल करावा लागला तर वाढणारा स्थिर आकार व ओव्हनची देखभाल यांचे मी ३०० धरतो. एकूण ७,९००.

मग सूत्र एवढंच आहे:

```
महिन्याचे केक = महिन्याचा ठरलेला खर्च ÷ एका केकमागे सुटणारे रुपये
```

हे दोनदा लावायचं. एकदा फक्त ओव्हनपुरतं: ३,३०० ÷ २२० = १५. आणि एकदा सगळ्या धंद्यासाठी: ७,९०० ÷ २२० = ३५.९, म्हणजे ३६. अपूर्णांक आला की नेहमी वरचा आकडा घ्यायचा, पाऊण केक कोणी विकत घेत नाही.

या दोन आकड्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि निर्णय चुकतो तो ते एकमेकांत मिसळल्यामुळे. ३६ केकांवर घरातून पैसे घालावे लागत नाहीत, पण तुम्हाला एक रुपयाही मिळत नाही. आज ३५ केकांवर तुमच्या हातात ३५ × २२० वजा ४,६०० म्हणजे ३,१०० राहतात. ओव्हन घेतला आणि विक्री ३५ वरच राहिली, तर ७,७०० सुटतील, ७,९०० जातील, वरून २०० तुम्हाला घालावे लागतील. आजचे ३,१०० टिकवायचे तर ५० केक हवेत: ११,००० वजा ७,९००. त्या ५० वर तुम्ही महिन्याला १५ केक जास्त करताय आणि पैसे तेवढेच मिळताहेत. आज एका केकमागे तुमच्या मेहनतीचे साधारण ८८ रुपये पडतात, तेव्हा ६२ पडतील. केकमागे आजचीच मजुरी हवी असेल तर ६० च्या पुढे जावं लागेल. मी स्वतः ओव्हन घ्यायचा की नाही हे ठरवताना ३६ बघत नाही, ५० आणि ६० बघतो. घरून काम करणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात शून्य धरायची सवय मला अजिबात पटत नाही.

तुमच्याकडे सगळेच केक अर्ध्या किलोचे नसतात, म्हणून विकलेल्या प्रत्येक वस्तूला अर्ध्या किलोच्या केकच्या मापात आणा. एक किलोचा केक ८५० ला गेला आणि त्यात ४०० सुटले, तर तो १.८ केक धरा. अर्ध्या किलोच्या नानखटाईच्या डब्यात ११० सुटत असतील, तर दोन डबे म्हणजे एक केक. किमतीवरून हे माप काढू नका, सुटणाऱ्या रकमेवरूनच काढा. भरपूर फोंडंटचा १,२०० चा केक दिसायला मोठा असतो, पण माल वजा केला की कधीकधी साध्या केकपेक्षा फारसं जास्त सोडत नाही, आणि दिवस खातो तो वेगळाच.

आता हप्त्याकडे येऊ. दुकानदाराचे १० टक्के म्हणजे सरळ व्याज, शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण ६०,००० वर. वर्षाला ६,०००, दोन वर्षांचे १२,०००, एकूण ७२,०००, म्हणून २४ हप्ते ३,००० चे. पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल फेडत असता, बाराव्या हप्त्यानंतर तुमच्याकडे निम्म्याच्या आसपास मुद्दल उरलेलं असतं. उरलेल्या शिलकीवर मोजलं तर हाच दर १८ टक्क्यांच्या आसपास बसतो. स्वतः ताडून बघायचं असेल तर मोबाइलमधल्या शीटमध्ये हे घाला. पहिली ओळ दुकानदाराचा खरा दर सांगेल, दुसरी १४ टक्के घटत्या शिलकीच्या कर्जाचा हप्ता:

```
=RATE(24,-3000,60000)*12
=PMT(14%/12,24,-60000)
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर २,८८१ च्या आसपास येतं. म्हणजे बँक किंवा पतसंस्था १४ टक्के सांगत असेल आणि तो दर घटत्या शिलकीवरचा असेल, तर तो दुकानदाराच्या १० टक्क्यांपेक्षा स्वस्त आहे. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: प्रक्रिया शुल्क आणि विमा धरून माझ्या खिशातून एकूण किती जाणार? आणि दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा. ‘बिनव्याजी हप्ता’ असं सांगतात तिथे व्याज पुष्कळदा किमतीतच बसवलेलं असतं. तुमची जीएसटी नोंदणी नसेल, तर ओव्हनवरचा जीएसटीही तुम्हाला परत मिळणार नाही, म्हणून करासकट किंमत धरा. वायरिंगचा खर्चही त्यातच घाला. ३ किलोवॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. त्याला वेगळी जाड वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा, मिक्सरच्या पॉइंटवर तो लावायचा नाही.

मुदत वाढवली तर काय होतं? याच दराने ३६ हप्ते केले तर हप्ता २,१६७ वर येतो, आणि ओव्हनपुरता आकडा १५ वरून १२ वर. बदल्यात एकूण व्याज १२,००० चं १८,००० होतं. तीन केकांसाठी ६,००० जास्त. हे महाग आहे की नाही, ते तुमच्या सगळ्यात मंद महिन्यावर ठरतं.

कारण हप्ता दर महिन्याला सारखा जातो, केक सारखे जात नाहीत. डिसेंबरात ८० जातील, मे महिन्यात निम्मं गिऱ्हाईक गावी गेलेलं असतं, तेव्हा ३२ वर याल. वर्षाची सरासरी ५० आली म्हणून निश्चिंत राहू नका. ३२ केकांच्या महिन्यात ७,०४० सुटतात, ७,९०० द्यायचे असतात, ८६० कमी पडतात, आणि तुमच्या मेहनतीचं काही नाही ते वेगळंच. गेल्या वर्षाची ऑर्डरींची वही काढा, बारा महिन्यांचे आकडे एका ओळीत लिहा आणि ३६ च्या खालच्या महिन्यांभोवती गोल करा. असे एक-दोन महिने असतील तर दोन हप्त्यांएवढे ६,००० आधी बाजूला टाका आणि २४ हप्त्यांचंच कर्ज घ्या. चार-पाच महिने असतील तर ३६ हप्त्यांचं कर्ज घेणं शहाणपणाचं, मुदतीआधी फेडल्यास दंड किती ते विचारून. हप्ता थकला की त्याच्या दंडात दोन-तीन केकांची कमाई सहज जाते.

अजून एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सगळा हप्ता म्हणजे खर्च नव्हे. ओव्हन सहा वर्षं टिकला, तर ७२,००० चे महिन्याला १,००० झिजतात. पहिली दोन वर्षं व्याजाचे सरासरी ५०० आणि वरचे ३००. हा १,८०० चा खरा खर्च ९ केकांत निघतो. १५ लागतात ते सहा वर्षांच्या वस्तूचे पैसे दोन वर्षांत द्यायचे म्हणून. त्यामुळे एखाद्या महिन्यात १२ केक जास्त गेले, तर ओव्हन तोट्यात आहे असं समजू नका. तो कमावतोय, फक्त रोख तंग आहे. हप्ते संपल्यावर मात्र दरमहा १,००० वेगळ्या खात्यात टाकत राहा. ते धरूनही धंद्याचा आकडा तेव्हा ५,९०० ÷ २२०, म्हणजे २७ वर उतरलेला असेल.

हे आकडे एका मर्यादेपर्यंतच सरळ चालतात. ५५-६० केकांच्या पुढे मदतनीस बाईंना दोन तास जास्त यावं लागेल. त्यांचा पगार आणखी ३,००० नी वाढला की आकडा एकदम १४ केकांनी वर सरकतो. दुसरी पायरी विजेची. घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला घरगुती दर लागू राहण्यासाठी महावितरणच्या दरपत्रकात महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटांची मर्यादा राहिली आहे. चालू दरपत्रकात ती बघून घ्या. घरचा वापर २२० असेल आणि मोठा ओव्हन १०० युनिट खाणार असेल, तर आधी महावितरणच्या कार्यालयात विचारा आणि मगच सही करा.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे १५ केक येणार कुठून? ओव्हन मोठा झाला म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही. तुमच्या सध्याच्या ओटीजीत एका वेळी दोन साचे बसत असतील आणि गरम होण्यासकट खेपेला पाऊण-एक तास लागत असेल, तरी एका सकाळी सहा स्पंज सहज निघतात. महिन्याला ३५ केकांना तो ओव्हन कमी पडत नाही. शिवाय स्पंज आदल्या दिवशी भाजून, गार करून, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून ठेवता येतो, सजावट मात्र दुसऱ्या दिवशी तुमच्याच दोन हातांनी करावी लागते. बहुतेक घरगुती बेकऱ्यांत शनिवार-रविवारी अडतं ते आयसिंगच्या टेबलावर. तिथे ७२,००० चा ओव्हन काहीही सोडवत नाही.

म्हणून पुढचा एक महिना नाकारलेल्या ऑर्डरी लिहून ठेवा. प्रत्येकीसमोर कारण: ओव्हन रिकामा नव्हता, माझ्याकडे वेळ नव्हता, भाव जमला नाही. पहिल्या कारणाच्या ऑर्डरी केकच्या मापात १५ भरल्या, तर ओव्हन बेलाशक घ्या. चार-पाचच निघाल्या, तर केकसाठी तो घेऊ नका.

मोठ्या ट्रेचा खरा फायदा नानखटाई, बिस्किटं, कपकेक अशा पदार्थांना होतो, कारण त्यांना जागाच लागते. छोट्या ओटीजीत पाव किलोच्या खेपा काढत बसावं लागतं, मोठ्या ट्रेवर किलोभर एकदम निघते, आणि भाजताना तुम्ही दुसरीकडे आयसिंग करू शकता. १५ केक म्हणजे नानखटाईचे ३० डबे, म्हणजे १५ किलो. तुमच्या भागातली दोन किराणा दुकानं आणि एखादी शाळेची कँटीन महिन्याला एवढा माल घेईल का, हे आधी ओटीजीवरच दोन-दोन किलो करून देऊन बघा. दुकानदार त्यातून आपली दलाली कापेल, तेव्हा डब्यामागे ११० नाही, ७५-८० सुटतील, आणि ३० च्या जागी ४२-४४ डबे लागतील. एवढी मागणी दोन महिने टिकली, तर दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी ओव्हन घ्या, म्हणजे पहिले हप्ते फराळाच्या ऑर्डरींतून जातील. मार्च-एप्रिलमध्ये घेतलात तर पहिला किंवा दुसराच हप्ता मे महिन्यात येईल.